भार कोणत्या मजल्यावर?

१९६० साली मॉस्को विद्यापीठातल्या एका चर्चासत्रात आंद्रेई कोल्मोगोरोव्ह या नामवंत गणितज्ञाने एक अंदाज मांडला. दोन मोठ्या संख्यांचा गुणाकार करायला शाळेत शिकवतात त्या रीतीहून फार वेगवान रीत असूच शकत नाही, असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या रीतीत वरच्या संख्येतल्या प्रत्येक अंकाला खालच्या संख्येतल्या प्रत्येक अंकाने गुणावं लागतं. हजार अंकी संख्या असतील, तर हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाख छोटे गुणाकार होतात. n अंकांसाठी n². माणसं हजारो वर्षं गुणाकार करताहेत. याहून कमी कष्टाचं काही असतं तर एव्हाना सापडलं नसतं का? श्रोत्यांमध्ये अनातोली करात्सुबा हा तेवीस वर्षांचा विद्यार्थी होता. आठवड्याच्या आत त्याने हा अंदाज खोटा ठरवला.

त्याची युक्ती ४७ × ८३ या गुणाकारावर करून पाहता येते. ४७ चे दोन तुकडे ४ आणि ७, ८३ चे ८ आणि ३. नेहमीच्या रीतीने चार गुणाकार लागतात: ४ × ८, ४ × ३, ७ × ८ आणि ७ × ३. करात्सुबा तीनच करतो. पहिला ४ × ८ = ३२. दुसरा ७ × ३ = २१. तिसऱ्यासाठी प्रत्येक संख्येचे तुकडे आधी आपसात मिळवायचे: ४ + ७ = ११ आणि ८ + ३ = ११, त्यांचा गुणाकार १२१. आता १२१ मधून ३२ आणि २१ वजा केले की ६८ उरतात. मधले दोन गुणाकार, ४ × ३ आणि ७ × ८, वेगवेगळे करून मिळवले असते तरी बेरीज ६८ च आली असती. मग ३२०० + ६८० + २१ = ३९०१. एक गुणाकार वाचला. त्याच्या बदल्यात थोड्या बेरजा-वजाबाक्या वाढल्या.

दोन अंकी संख्येत हा सौदा फारसा फायद्याचा नाही. पण हजार अंकी संख्येचे पाचशे-पाचशे अंकांचे दोन तुकडे केले, तर जे तीन गुणाकार उरतात तेही पाचशे अंकी असतात. त्यांनाही हीच युक्ती लावायची, मग अडीचशे अंकी तुकड्यांना, आणि असंच खाली एका अंकापर्यंत. मोठा प्रश्न फोडायचा, तुकडे त्याच रीतीने सोडवायचे आणि उत्तरं जोडायची. संगणकाच्या अभ्यासक्रमात या रीतीला ‘डिव्हाइड अँड कॉन्कर’ म्हणतात.

असं फोडत गेल्यावर एकूण काम किती होतं, हा आपला प्रश्न. n अंकांच्या गुणाकाराचा खर्च T(n) म्हटला, तर करात्सुबाची रीत एका ओळीत मावते:

```
T(n) = 3T(n/2) + n
```

अर्ध्या आकाराचे तीन प्रश्न, आणि वर बेरजा-वजाबाक्यांसाठी साधारण n इतकं काम. अशा समीकरणाला रिकरन्स म्हणतात. अडचण अशी, की T चं उत्तर T मध्येच दिलेलं आहे. T(1024) हवं तर आधी T(512) हवं, त्यासाठी T(256). आपल्याला मात्र n दिला की खर्च सांगणारं थेट सूत्र हवं असतं.

जॉन बेंटली, डोरोथिया हॅकन आणि जेम्स सॅक्स यांनी १९८० साली अशा समीकरणांसाठी एक सर्वसाधारण पद्धत मांडली. कॉर्मेन, लायसरसन आणि रिव्हेस्ट यांच्या १९९० सालच्या अल्गोरिदमच्या पाठ्यपुस्तकातून ती ‘मास्टर थिअरम’ या नावाने जगभरच्या वर्गांत पोचली. समीकरणाचा साचा असा असतो:

```
T(n) = a·T(n/b) + f(n)
```

a म्हणजे किती तुकडे सोडवायचे, b म्हणजे प्रत्येक तुकडा मूळ प्रश्नाच्या कितव्या हिश्श्याएवढा, आणि f(n) म्हणजे फोडण्या-जोडण्याचा खर्च. करात्सुबाच्या समीकरणात a = 3, b = 2, f(n) = n. विद्यार्थी बहुधा यापुढचे तीन नियम पाठ करून परीक्षेला जातात. पण हे नियम एकाच चित्रातून निघतात, आणि ते चित्र डोळ्यांसमोर असेल तर पाठांतराची गरज उरत नाही.

चित्र एका इमारतीचं आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर एकच प्रश्न, आकार n. त्याच्या खालच्या मजल्यावर a प्रश्न, प्रत्येक n/b आकाराचा. त्याखाली a² प्रश्न. असं करत तळाला आकार १ चे प्रश्न उरतात. प्रत्येक मजल्यावर फोडण्या-जोडण्याचा काही खर्च होतो, आणि एकूण खर्च म्हणजे सगळ्या मजल्यांची बेरीज. मजल्यांची संख्या n ला b ने पुन्हा पुन्हा भागत १ पर्यंत यायला किती वेळ लागतो त्यावर ठरते. १०२४ ला २ ने भागत गेलं तर दहा वेळा. यालाच log n म्हणतात. तळमजल्यावर किती प्रश्न साठतात, याचंही सूत्र आहे: n^(log_b a). यातला घात म्हणजे b ला कितव्या घातात चढवलं की a मिळेल ती संख्या.

आता फक्त एकच गोष्ट तपासायची. एक मजला खाली उतरलं की त्या मजल्याचा खर्च वाढतो, तेवढाच राहतो, की घटतो?

खर्च वाढत जातो तेव्हा

करात्सुबाच्या इमारतीत वरच्या मजल्याचा खर्च n. खालच्या मजल्यावर तीन प्रश्न, प्रत्येकाचा खर्च n/2, म्हणून एकूण दीड n. त्याखाली नऊ प्रश्न, प्रत्येकी n/4, म्हणजे सव्वादोन n. दर मजल्याला खर्च दीडपट होतो. १०२४ अंकी संख्या घेतली तर तळाला 3^10, म्हणजे ५९,०४९ एक अंकी गुणाकार येतात, आणि अकराही मजल्यांची बेरीज १,७५,०९९ भरते. त्यातले वरचे पाच मजले मिळून जेमतेम १३,५०४ खातात. म्हणजे वरचा जवळजवळ अर्धा डोलारा साऱ्या खर्चाच्या आठ टक्केसुद्धा नाही. भार तळाशी आहे.

मास्टर थिअरमची पहिली स्थिती हेच सांगते. f(n) हा तळाच्या n^(log_b a) पेक्षा n च्या एखाद्या ठरावीक घाताइतका लहान असेल, तर उत्तर तळमजलाच ठरवतो. इथे २ चा १.५८५ वा घात ३ च्या जवळ येतो, म्हणून तळाला n^1.585 प्रश्न. त्यापुढे f(n) = n बराच लहान. उत्तर:

```
T(n) = Θ(n^1.585)
```

Θ या खुणेचा अर्थ एवढाच, की n मोठा होत जाताना खर्च या गतीने वाढतो. पुढे-मागे लागणारा ठरावीक गुणक त्यात धरलेला नसतो. शाळेच्या रीतीत तीनऐवजी चार तुकडे, म्हणून तळाला 4^10, म्हणजे १०,४८,५७६ छोटे गुणाकार येतात. एकच गुणाकार वाचवला, पण तो दर मजल्यावर वाचला, म्हणून तळाशी जवळजवळ अठरापट फरक पडला.

तो न धरलेला गुणक मात्र प्रत्यक्षात विसरून चालत नाही. करात्सुबाच्या जास्तीच्या बेरजा छोट्या संख्यांना महाग पडतात. म्हणून पायथन ही भाषा पूर्णांकांच्या गुणाकारात लहान संख्यांना शाळेचीच रीत लावते. दोन्ही संख्या साधारण ६३० अंकांच्या पुढे गेल्या की मगच ती करात्सुबाकडे वळते. ही सीमा कुठे आहे, हे थिअरम सांगत नाही. ते मोजूनच ठरवावं लागतं.

खर्च तेवढाच राहतो तेव्हा

दुसरं उदाहरण यादी क्रमाने लावण्याचं. जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ साली मर्ज सॉर्ट ही रीत मांडली. यादी अर्धी करायची, दोन्ही अर्धे वेगवेगळे क्रमाने लावायचे आणि मग दोन क्रमवार याद्या एकत्र करायच्या. समजा एका बाजूला ३, ९, १४ आणि दुसऱ्या बाजूला ५, ६, २० आहेत. दोन्हींच्या तोंडाशी असलेल्या संख्यांत लहान कोणती ते पाहायचं, ती उचलायची, पुन्हा पाहायचं. ३, मग ५, मग ६, मग ९. प्रत्येक संख्या एकदाच उचलली जाते, म्हणून एकत्र करण्याचा खर्च n.

```
T(n) = 2T(n/2) + n
```

वरच्या मजल्याचा खर्च n. खाली दोन प्रश्न, प्रत्येकी n/2, पुन्हा n. त्याखाली चार, प्रत्येकी n/4, तरीही n. प्रश्न दुप्पट होतात आणि आकार निम्मा, म्हणून भार कुठेच झुकत नाही. अशा वेळी एका मजल्याचा खर्च गुणिले मजल्यांची संख्या केलं की झालं. १०२४ नावांची यादी असेल तर जोडणीचे दहा मजले, दर मजल्याला १०२४ उचल, एकूण १०,२४०.

थिअरमच्या भाषेत ही दुसरी स्थिती: a = 2, b = 2, म्हणून तळाला n^1, आणि f(n) सुद्धा n. दोन्ही बरोबरीचे, म्हणून त्यांना मजल्यांच्या संख्येने गुणायचं. उत्तर Θ(n log n).

खर्च घटत जातो तेव्हा

तिसऱ्या उदाहरणासाठी पुन्हा मोठ्या संख्यांकडे येऊ, पण आता भागाकारासाठी. मोठ्या संख्येने भागताना संगणकाला आधी तिचा व्यस्त काढून मग त्याने गुणता येतं. व्यस्त काढायची न्यूटनची रीत अशी: d या संख्येच्या व्यस्ताचा अंदाज x असेल, तर x(2 − dx) हा त्याहून चांगला अंदाज असतो.

१/७ काढू. सुरुवातीचा अंदाज ०.१४ धरला. ७ × ०.१४ = ०.९८, म्हणून नवा अंदाज ०.१४ × १.०२ = ०.१४२८. पुन्हा तेच: ७ × ०.१४२८ = ०.९९९६, आणि ०.१४२८ × १.०००४ = ०.१४२८५७१२. खरं उत्तर ०.१४२८५७१४ असं पुढे जातं. आधी दोन अंक बरोबर होते, मग चार, मग सात. दर फेरीला बरोबर अंक जवळजवळ दुप्पट होतात.

याचाच अर्थ, n अंकांपर्यंत अचूक व्यस्त हवा असेल तर आधी n/2 अंकांपर्यंतचा काढायचा आणि वर एक फेरी करायची. त्या फेरीत n अंकी गुणाकार येतात. ते करात्सुबाच्या रीतीने केले, तर:

```
D(n) = D(n/2) + n^1.585
```

इथे a = 1. दर मजल्यावर एकच प्रश्न, म्हणून तळालाही एकच. n निम्मा झाला की n^1.585 एक तृतीयांश होतो. करात्सुबाचा तीनचा आकडा इथे उलट्या बाजूने हजर होतो. मजल्यांचा खर्च वरून खाली १, एक तृतीयांश, एक नवमांश असा वेगाने आटत जातो, आणि सगळ्यांची बेरीज दीडच्या पुढे कधीच जात नाही. म्हणजे आधीच्या सगळ्या फेऱ्या मिळून शेवटच्या एका फेरीच्या निम्म्याच खर्चाच्या. भागाकार गुणाकारापेक्षा काही ठरावीक पटीनेच महाग पडतो, वाढीची गती मात्र तीच.

ही तिसरी स्थिती: f(n) तळापेक्षा n च्या एखाद्या ठरावीक घाताइतका मोठा असला, तर उत्तर वरचा मजला ठरवतो. D(n) = Θ(n^1.585). या स्थितीला आणखी एक अट जोडलेली आहे. खालच्या मजल्याचा खर्च वरच्याच्या एका ठरावीक अंशापेक्षा जास्त नसावा, आणि तो अंश १ पेक्षा लहान असावा. इथे तो एक तृतीयांश आहे, म्हणून अट पुरी होते. पुढच्या उदाहरणात हीच अट आडवी येते.

जिथे थिअरम चालत नाही

नकाशावर n ठिपके दिले आहेत. त्यांतले सर्वांत जवळचे दोन शोधायचे. प्रत्येक जोडी मोजायची म्हटली तर साधारण n²/2 जोड्या होतात. मायकेल शेमॉस आणि डॅन होई यांनी १९७५ साली यासाठी फोडाफोडीची रीत दिली. ठिपके डावीकडून उजवीकडे आधीच क्रमाने लावून ठेवायचे. मधोमध उभी रेघ मारायची. डाव्या भागातलं सर्वांत कमी अंतर आणि उजव्या भागातलं सर्वांत कमी अंतर काढायचं. दोहोंतलं लहान ते d. आता धोका फक्त एक ठिपका डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असलेल्या जोड्यांचा. d पेक्षा जवळची अशी जोडी असलीच, तर ती रेघेच्या दोन्ही बाजूंना d रुंदीच्या पट्ट्यातच असणार. पट्ट्यातले ठिपके खालून वर क्रमाने लावले, की प्रत्येक ठिपक्याला पुढच्या मोजक्याच ठिपक्यांशी ताडून पाहावं लागतं, सात पुरतात.

बरेच जण हे लिहिताना दर पायरीवर पट्टा नव्याने क्रमाने लावतात. पट्ट्यात वाईटात वाईट वेळी सगळेच ठिपके येऊ शकतात, आणि n ठिपके क्रमाने लावायला n log n खर्च येतो. म्हणून:

```
T(n) = 2T(n/2) + n log n
```

आता नियम लावून पाहा. a = 2, b = 2, तळाला n. f(n) आहे n log n, जो n पेक्षा मोठा आहे. मोठा आहे म्हणजे तिसरी स्थिती, म्हणजे उत्तर Θ(n log n), असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. ते उत्तर चूक आहे.

चूक कुठे झाली? तिसऱ्या स्थितीला f(n) ‘n च्या एखाद्या ठरावीक घाताइतका’ मोठा हवा. तो घात कितीही छोटा चालेल, ०.०१ सुद्धा, पण log n तेवढाही भरत नाही. सुरुवातीला log n पुढे दिसतो, पण n जेव्हा 2^1000, म्हणजे ३०२ अंकी होतो, तेव्हा log n असतो १००० आणि n^0.01 असतो १०२४. त्यानंतर log n मागेच पडत जातो. पहिली स्थिती लागू नाही, कारण f लहान नाही. दुसरी नाही, कारण f बरोबरीचा नाही. आणि तिसऱ्यासाठी तो पुरेसा मोठा नाही. दोन स्थितींच्या मधल्या फटीत हे समीकरण अडकलं आहे.

इमारतीत उतरून पाहिलं की कारण उघड होतं. n = 2^20, म्हणजे साधारण साडेदहा लाख ठिपके घेऊ. वरच्या मजल्याचा खर्च 20n. खाली दोन प्रश्न, प्रत्येकी n/2 ठिपके, ज्यांचा log १९, खर्च 19n. त्याखाली 18n. असं उतरत शेवटी n. लागोपाठच्या मजल्यांची गुणोत्तरं १९/२०, १८/१९, १७/१८ अशी बदलत जातात. खर्च घटतो खरा, पण ठरावीक प्रमाणात नाही. n वाढवत नेला की वरच्या मजल्यांचं गुणोत्तर १ च्या हवं तितकं जवळ सरकतं, म्हणून १ पेक्षा लहान असा एकच ठरावीक अंश सगळ्यांना पुरत नाही. तिसऱ्या स्थितीची जोडअट मोडते ती इथे.

थिअरम थांबला तरी बेरीज थांबत नाही. २० + १९ + १८ असं १ पर्यंत मिळवलं की २१०. एकूण खर्च 210n, तर चुकीच्या उत्तराप्रमाणे तो 20n च्या आसपास असायला हवा होता. सर्वसाधारण n साठी ही बेरीज log n च्या वर्गाच्या निम्म्याजवळ जाते, म्हणून बरोबर उत्तर Θ(n log² n).

ही चूक प्रोग्राम चालवूनही पकडता येते, पण वेळ दुप्पट झाला का एवढं पाहून नाही. ठिपके दुप्पट केल्यावर दोन्ही सूत्रांत वेळ दुपटीहून थोडाच जास्त वाढतो. त्यापेक्षा पट्ट्यात ठिपक्यांची गर्दी होईल असा नमुना घेऊन लागलेल्या वेळेला n log n ने भागावं, आणि n वाढवत तेच पुन्हा करावं. येणारा आकडा जवळपास स्थिर राहिला तर खर्च n log n. तो हळूहळू पण सतत चढत राहिला, तर एक log जास्तीचा आत शिरलेला आहे.

इलाज समीकरणातच दिसतो. पट्टा दर वेळी नव्याने लावण्याऐवजी, डावा आणि उजवा भाग आपापले ठिपके खालून वर लावूनच परत देतील अशी सोय करायची आणि मर्ज सॉर्टसारखं फक्त एकत्र करायचं. मग f(n) उरतो n, समीकरण 2T(n/2) + n होतं, आणि दुसऱ्या स्थितीप्रमाणे उत्तर Θ(n log n). साडेदहा लाख ठिपक्यांसाठी 210n चं 20n होतं.

त्या पाठ्यपुस्तकाच्या २०२२ सालच्या चौथ्या आवृत्तीत दुसरी स्थिती रुंद केली आहे. तळाच्या बरोबरीच्या खर्चाला log n चा काही घात चिकटलेला असेल, तर उत्तरात तो घात एकाने वाढवायचा. n log n चं n log² n होणं आता त्या नियमात बसतं. पण फट पूर्ण बुजलेली नाही. f(n) = n/log n घेतला की गुणोत्तरं २०/१९, १९/१८ अशी पुन्हा बदलती निघतात आणि त्या नियमातही ती मावत नाहीत. तुकडे असमान असतील, एक तिसऱ्या हिश्श्याचा आणि दुसरा दोन तृतीयांशाचा, तर मुळात साचाच बसत नाही. त्यासाठी मोहम्मद अक्रा आणि लुई बाझी यांची १९९८ सालची पद्धत आहे.

म्हणून समीकरण समोर आलं की स्थितीचा क्रमांक शोधण्याआधी वरचे दोन-तीन मजले कागदावर मांडावेत आणि लागोपाठच्या खर्चांचा भागाकार करावा. तो एकच ठरावीक आकडा आला, तर १ पेक्षा मोठा, १ किंवा १ पेक्षा लहान एवढं पाहून उत्तर लिहिता येतं. त्या भागाकारात n शिल्लक राहिला, तर तीन स्थितींचा नाद सोडून मजल्यांची बेरीज हातानेच करावी.